मिठाचा हिशेब : प्रस्तावना

किनाऱ्यावरच्या एका बर्फ कारखान्यात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला नवल वाटलं ते बर्फाचं नव्हे, न गोठलेल्या पाण्याचं. जमिनीत बसवलेली लांबरुंद टाकी, तिच्यावर लाकडी झाकणं. एक झाकण उचललं की खाली काळपट दिसणारं मिठाचं पाणी आणि त्यात गळ्यापर्यंत बुडालेले पत्र्याचे उंच डबे. डब्यांत साधं पाणी. बाहेरच्या खाऱ्या पाण्याला तिथले कामगार ‘ब्राइन’ म्हणतात. ते शून्याखाली दहा अंशांच्या आसपास असतं, अमोनियाच्या नळ्यांवरून फिरत राहतं आणि डब्यांतल्या पाण्याची उष्णता ओढून नेतं. दिवस-दीड दिवसात डब्यात लादी तयार होते. पत्र्याच्या एका पातळ भिंतीच्या आतलं पाणी दगड होतं आणि बाहेरचं, त्याच्याहून थंड असूनही, वाहत राहतं.

८० किलो पाण्यात २० किलो मीठ विरघळवलं, तर ते मिश्रण शून्याखाली साधारण १६.५ अंशांपर्यंत गोठत नाही. आता मिठाच्या जागी तितकीच साखर घेऊ. २० किलो साखर, ८० किलो पाणी. हे द्रावण शून्याखाली जेमतेम दीड अंशावर गोठायला लागतं. वजन तेच, पाणी तेच, आणि परिणामात अकरा पटींचा फरक. यातले जवळजवळ सहा पट कुठून येतात ते सांगणं सोपं आहे. साखरेचा रेणू जड आहे. एक मोल साखर म्हणजे ३४२ ग्रॅम आणि एक मोल मीठ म्हणजे ५८.५ ग्रॅम, म्हणून एका किलो मिठात साखरेच्या जवळपास सहापट मोल बसतात. पण सहाने अकरा होत नाहीत. मध्ये आणखी एक गुणक लागतो, दोनाला थोडा कमी पडणारा. हे छोटं पुस्तक मी त्या गुणकासाठी लिहिलं आहे.

आधी परिणामाचं कारण. बर्फ आणि पाणी शून्य अंशावर शेजारी असतात, तेव्हा तिथे शांतता नसते. पाण्याचे काही रेणू बर्फाला जाऊन चिकटत असतात आणि तितकेच बर्फातून सुटून पाण्यात येत असतात. ये-जा सारखी असते म्हणून बर्फ वाढत नाही आणि घटतही नाही. पाण्यात मीठ किंवा साखर टाकली, की चिकटायला जाणाऱ्या रेणूंची संख्या रोडावते, कारण द्रवात आता पाण्याशिवाय दुसरंही कोणी आहे. सुटणाऱ्यांवर मात्र परिणाम होत नाही, कारण बर्फ आपल्या रचनेत मिठाला किंवा साखरेला जवळजवळ शिरूच देत नाही. सुटणारे जास्त आणि चिकटणारे कमी, म्हणून बर्फ वितळतो. दोन्ही बाजू पुन्हा बरोबरीला आणायच्या तर तापमान खाली न्यावं लागतं. यालाच गोठणबिंदूचं अवनमन म्हणायचं. उकळताना हाच हिशेब वाफेच्या बाजूने होतो. मीठ वाफेत जात नाही, पाण्याचे रेणू बाहेर पडण्याचं प्रमाण घटतं, आणि ते भरून काढायला तापमान वर न्यावं लागतं. या दोन्ही गोष्टींत द्राव्याचा कण कोणत्या जातीचा आहे याला, निदान विरळ द्रावणात, महत्त्व नाही. कण किती आहेत, एवढंच पाहिलं जातं.

एका किलो पाण्यात एक मोल कण असले, की गोठणबिंदू १.८६ अंश उतरतो आणि उत्कलनबिंदू ०.५१ अंश चढतो. चढ उतारापेक्षा इतका लहान का? बर्फ वितळायला ग्रॅममागे ३३४ ज्यूल लागतात, पाण्याची वाफ व्हायला २२५० च्या वर. ज्या बदलाला जास्त उष्णता लागते तो सहजासहजी जागचा हलत नाही. स्वयंपाकघरात ‘मीठ घातलं की पाणी जास्त तापतं आणि डाळ लवकर शिजते’ असं पुष्कळदा ऐकू येतं, त्याचा निकालही या आकड्यांवर लागतो. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ, म्हणजे तोंडात धरवणार नाही इतकं खारट पाणी, घेतलं तरी उत्कलनबिंदू एका अंशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा वाढतो. समुद्रसपाटीकडे १०० मीटर खाली उतरलं तरी तेवढाच फरक पडतो. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या थोडं वर उकळतं. ते मिठाने १०० वर आणायचं म्हटलं, तर लिटरभर पाण्यात १०० ग्रॅमच्या वर मीठ घालावं लागेल. उकळण्यातला फरक असा नजरेत न भरणारा असल्यामुळे या पुस्तकातले बहुतेक प्रयोग मी गोठण्याच्या बाजूने घेतले आहेत.

आता त्या गुणकाकडे. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे फ्रांस्वा राऊल्ट यांनी १८७८ पासून अनेक वर्षं द्रावणं गोठवण्याचं काम केलं. त्यांची आकडेमोड १०० ग्रॅम पाण्यात एक मोल द्राव्य धरून असायची. साखर, ग्लिसरीन, युरिया असल्या सेंद्रिय पदार्थांसाठी उत्तर पुन्हा पुन्हा १८.५ च्या जवळ येई. पदार्थ बदलला तरी आकडा तोच, हीच मुळात मोठी गोष्ट होती, कारण त्यामुळे अनोळखी पदार्थाचा रेणुभार नुसत्या तापमापीने काढता येऊ लागला. पण मिठासाठी आकडा आला ३५.१. मोजण्यात चूक नव्हती, कारण इतर क्षारही असेच जादा अवनमन दाखवत होते. हॉलंडचे फान्ट हॉफ १८८० च्या दशकात द्रावणांच्या परासरण दाबाचे नियम मांडत होते. वायूंचं समीकरण द्रावणांना लागू पडतं हे त्यांनी दाखवलं, पण क्षारांसाठी त्यांना समीकरणात एक अक्षर जादा घालावं लागलं: i. मिठासाठी त्याची किंमत ३५.१ भागिले १८.५, म्हणजे १.९०. हे अक्षर तिथे का आहे, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आकडे जुळतात म्हणून ते ठेवलं होतं, आणि तसं त्यांनी ठेवलं याचा मला आदर वाटतो. न समजलेली गोष्ट त्यांनी समीकरणाबाहेर ढकलली नाही.

उत्तर आलं स्वीडनहून. स्वान्ते आर्‍हेनियस यांनी उपसाला विद्यापीठाला १८८४ मध्ये दिलेला प्रबंध क्षारांच्या पाण्यातून वीज कशी वाहते यावर होता. परीक्षकांनी त्यावर बेताचा शेरा मारला. १८८७ मध्ये त्यांनी स्पष्ट म्हटलं, की मीठ पाण्यात विरघळताच त्याचे बरेचसे रेणू सोडियम आणि क्लोराइड अशा विद्युतभारित कणांत, आयनांत, फुटतात. वीज जोडण्याची गरज नाही, ते आधीच फुटलेले असतात. या फुटण्याला आपल्या शालेय पुस्तकांत ‘विचरण’ म्हणतात. एका रेणूचे दोन कण झाले की गोठणबिंदूला दोन कण दिसतात. सगळेच रेणू फुटले तर i दोन होईल, निम्मे फुटले तर दीड. या म्हणण्याची ताकद अशी, की ते दुसऱ्या वाटेने तपासता येत होतं. किती रेणू फुटलेत याचा अंदाज आर्‍हेनियस यांनी विद्युतवाहकतेवरून काढला. मिठासाठी तो निघाला ८२ टक्के, म्हणजे i १.८२. बर्फावरून १.९०, विजेवरून १.८२. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन उपकरणांनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली. साखरेला दोन्हीकडून १.०० आले. ॲसिटिक आम्लाला, म्हणजे व्हिनेगारमधल्या आम्लाला, १.०३ आणि १.०१. मात्र त्याच तक्त्यात मॅग्नेशियम सल्फेटसमोर बर्फाकडून १.०४ आणि विजेकडून १.४० असे आकडे होते. ती ओळ जुळत नव्हती आणि ती लपवलीही नव्हती.

बारावीच्या परीक्षेत ‘मिठासाठी i बरोबर २’ असं लिहिलं की गुण मिळतात. प्रयोगशाळेत २ येत नाही, आणि आला तर शंका घ्यावी लागते. हे माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला ज्या तऱ्हेने शिकवलं, ते सांगितल्यावाचून या पुस्तकाची ओळख पुरी होणार नाही.

प्रयोग साधा. मोठ्या परीक्षानळीत १०० ग्रॅम पाण्यात २.९२ ग्रॅम मीठ, म्हणजे किलोमागे अर्धा मोल. नळी बर्फ-मिठाच्या भांड्यात, आत तारेचा ढवळा आणि अंशाचा दहावा भाग दाखवणारी तापमापी. आधी शुद्ध पाणी गोठवून तापमापीचं शून्य तपासायचं, मग द्रावण. कण फुटले नसते तर ०.९३ अंश उतार यायला हवा. पूर्ण फुटून मोकळे वागले तर १.८६. वर्गातल्या बहुतेक जोड्यांना १.७ आला होता, म्हणजे i १.८३. ही मुलगी वही घेऊन धावत आली. “मॅडम, माझा सगळ्यांत बरोबर आला, एक पूर्णांक चौऱ्याण्णव!” तिने उणे १.८ वाचलं होतं. दोनाच्या जवळ गेल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

मी म्हटलं, “अगं, दर अर्ध्या मिनिटाचं वाचन लिहिलंयस ना? दाखव.” तिने मनापासून लिहिलं होतं, म्हणूनच चूक सापडली. तापमान खाली खाली जात उणे ६.७ पर्यंत पोचलं होतं, नळीत बर्फाचा कणही नव्हता, आणि मग एकदम उणे १.८ वर उडी. याला अतिशीतन म्हणतात. बर्फाचा पहिला कण जमायला निमित्त लागतं. ते मिळालं नाही तर द्रावण गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहतं. भांड्यात मीठ फार पडलं होतं, नळी झपाट्याने थंड झाली होती, आणि ढवळणं मध्येच थांबलं होतं.

आम्ही दोघींनी फळ्यावर हिशेब मांडला. द्रावण पाच अंश जास्त थंड झालं होतं. गोठायला सुरुवात होते तेव्हा बाहेर पडणारी उष्णता हे पाच अंश भरून काढते. पाण्याच्या एका ग्रॅमला पाच अंश वर यायला २१ ज्यूल लागतात आणि एक ग्रॅम बर्फ होताना ३३४ ज्यूल सुटतात. म्हणजे त्या एका क्षणात शेकडा सहाहून थोडं जास्त पाणी बर्फ होऊन गेलं. ते गेलं ते शुद्ध पाणी, मीठ सगळं मागे राहिलं. तिने जे मोजलं ते तिने तयार केलेल्या द्रावणाचं नव्हतंच, शेकडा सहा-सात दाट झालेल्या द्रावणाचं होतं. १.७ ला तेवढं वाढवलं की १.८ येतो. चुकीने तिचं उत्तर पुस्तकाच्या जवळ नेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने भांड्यातलं मीठ कमी केलं, न थांबता ढवळत राहिली, आणि उणे दोनच्या सुमारास बर्फाचा मोहरीएवढा कण नळीत सोडला. तापमान उणे १.७ वर येऊन टेकलं, आणि मग बर्फ वाढेल तसं अगदी सावकाश पुन्हा उतरू लागलं. द्रावणाचं तापमान शुद्ध पाण्यासारखं एका जागी थांबत नाही, कारण उरलेलं पाणी दाट होत जातं. म्हणून ती उतरती रेघ आलेखावर मागे ओढून, थंड होण्याच्या पहिल्या रेघेला जिथे भेटते तिथे वाचायचं.

तर मग १.८३ का? २ का नाही? आर्‍हेनियस म्हणाले असते, शेकडा ८३ फुटले, १७ अखंड राहिले. हे उत्तर पटण्यासारखं आहे आणि मिठापुरतं चूक आहे. ते चूक असल्याचं द्रावणाच्याच आकड्यांत दिसतं. किलोमागे ०.१ मोल मीठ असताना i १.८७ येतो, ०.०१ मोल असताना १.९४. फुटणं आणि पुन्हा जुळणं यांचा खरोखर समतोल असेल, तर दोन्हीकडून एकच समतोल स्थिरांक निघायला हवा. फुटलेल्यांच्या हिश्शाचा वर्ग, गुणिले संहती, भागिले न फुटलेल्यांचा हिस्सा, असं ते गणित आहे. पहिल्या द्रावणातून ०.५८ निघतो, दुसऱ्यातून ०.१५. स्थिरांक चौथ्या हिश्शावर आला, म्हणजे तो स्थिरांक नाही. ॲसिटिक आम्लासाठी हेच गणित केलं तर आकडा हलत नाही. तिथे रेणू खरोखर अखंड असतात, शंभरातला एखादा फुटतो.

१९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या खड्याची रचना उलगडली, तेव्हा आणखी एक आधार निसटला. खड्यात मिठाचा रेणू असा नव्हताच. एकाआड एक सोडियम आणि क्लोराइड आयनच होते. जे आधीपासून सुटे आहे ते पाण्यात शेकडा १७ ‘अखंड’ कसं राहील? कलकत्त्यात ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये असा विचार मांडला, की असे क्षार पूर्णपणे आयनांतच असतात आणि जी तूट दिसते ती आयनांच्या परस्पर ओढीमुळे. त्यांनी द्रावणातले आयनही खड्यासारखे ठरावीक जागी उभे आहेत असं धरलं, आणि त्या गृहीतावर त्यांचं गणित अडलं. पण प्रश्न त्यांनी योग्य जागी नेला होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव क्वचित दिसतं, म्हणून मी या पुस्तकात त्यांच्यावर एक पूर्ण प्रकरण दिलं आहे.

१९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी ते ठरावीक जागी उभे असलेले आयन सोडून दिले. आयन हलत-फिरत असतात, पण सोडियमच्या अवतीभवती सरासरीने क्लोराइड थोडे जास्त सापडतात आणि क्लोराइडभोवती सोडियम. हे जुळणं नाही, नुसता कल आहे. त्या ओढीमुळे कण पूर्ण मोकळेपणाने वागत नाहीत आणि दोन कणांचा परिणाम १.८७ कणांइतका दिसतो. विरळ द्रावणात ही तूट संहतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, असं त्यांचं गणित सांगतं. दहापट पाणी घातलं तरी तूट दहापट घटत नाही, तीनपटीच्या आसपासच घटते, आणि ०.०१ मोलच्या खाली मोजमाप याच्याशी छान जुळतं. त्यांच्या त्या पहिल्या लेखाच्या शीर्षकातच गोठणबिंदूचं अवनमन आहे. राऊल्ट यांची तापमापी जिथे अडली, तिथूनच त्यांनी सुरुवात केली. मॅग्नेशियम सल्फेटची न जुळणारी ओळही पुढे उलगडली. तिथे दोन्ही आयनांवर दुप्पट भार आहे, ओढ मिठाच्या चौपट, आणि त्यामुळे काही आयन खरोखर जोडीने फिरतात. ०.१ मोलला त्याचा i १.२१ च राहतो.

पण हे सगळं विरळ द्रावणांचं. ब्राइनच्या टाकीकडे परत गेलं की वेगळंच दिसतं. ८० किलो पाण्यात २० किलो मीठ म्हणजे पाण्याच्या किलोमागे ४.२८ मोल. साध्या सूत्राने, न फुटता, ७.९६ अंश उतार येईल. प्रत्यक्षात १६.५ येतो. भागाकार २.०७. दोनाहून जास्त! मिठाचे तीन तुकडे तर होत नाहीत. विरळ द्रावणात २ च्या जवळ असलेला i अर्धा ते एक मोलपर्यंत १.८१ च्या आसपास उतरतो, तळ गाठतो आणि मग पुन्हा चढायला लागतो. इतक्या दाट द्रावणात आयनांनी पाण्याचे पुष्कळ रेणू आपल्याभोवती धरून ठेवलेले असतात. ते पाणी बर्फात जायला मोकळं नसतं. म्हणजे आपण ज्याला किलोभर पाणी समजून भागतो, ते खऱ्या अर्थाने किलोभर उरलेलं नसतं. आयन नसलेल्या साखरेतही हेच दिसतं. गुऱ्हाळात काहिलीतला रस गूळ होईपर्यंत ११८ अंशांच्या आसपास जातो. शेकडा ८० साखरेच्या पाकासाठी सूत्र सहाच अंशांची वाढ सांगतं, आणि प्रत्यक्ष वाढ त्याच्या दीडपटीहून अधिक असते. तिथे फुटण्याचा प्रश्नच नाही, फक्त पाणी अडकलेलं आहे. म्हणून दाट द्रावणाचा i काढून ‘विचरण किती झालं’ असं कोणी सांगू लागलं, तर त्या आकड्यावर विसंबू नये.

बर्फ कारखान्यातला ऑपरेटर i काढत नाही. तो ब्राइनचा नमुना उंच काचनळीत घेतो, त्यात हायड्रोमीटर तरंगवतो आणि घनता वाचतो. डबे उचलताना, झाकताना साधं पाणी टाकीत सांडतं आणि ब्राइन हळूहळू पातळ होतं. ते फार पातळ झालं तर पहिली खूण अमोनियाच्या नळ्यांवर दिसते, कारण टाकीत सगळ्यांत थंड जागा ती असते. नळ्यांवर पांढरा थर धरतो, थर उष्णता अडवतो, आणि लादी व्हायला वेळ लागू लागतो. मी गेले त्या दिवशी त्याने हायड्रोमीटर पाहिला, काही न बोलता मिठाची दोन पोती ओढत आणून टाकीच्या कडेच्या खणात रिकामी केली, आणि पाणी पुन्हा त्या खड्यांवरून फिरायला लावलं.